कोटेशननंतर ड्रम भरून पाहा

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या ठिबकचं कोटेशन दिलं, की आठ दिवसांनी नुसतं "भाऊ, काय ठरलं?" विचारू नका. विहिरीवर जा आणि पंपानं २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा. पंप अर्धा तास चालल्यावरच, कारण सुरुवातीची धार फसवते. ८० सेकंद लागले, तर तासाला ९,००० लिटर. चार एकरांत सहा बाय सहा मीटरवर साधारण ४४० झाडं, झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे तासाला १४,००० लिटर हवेत. सगळी बाग एकदम सुरू केली तर टोकाची झाडं कोरडी राहतील. मग निरोप पाठवा: "भाऊ, तुमच्या विहिरीचं पाणी पाहून बागेचे दोन भाग केले, एक व्हॉल्व्ह वाढला. सुधारित कोटेशन सोबत आहे."