होस्ट अपग्रेडच्या ईमेलमधल्या या चुका टाळा: बंदची वेळ आणि रोलबॅक

"शनिवारी रात्री सर्व्हरचे मेंटेनन्स आहे. साधारण एक तास सेवा बंद राहील. अडचण आल्यास रोलबॅक करू. सहकार्य करावे." असा ईमेल अनेक ऑफिसांत जातो. त्यातला 'एक तास' बहुधा अंदाजाने लिहिलेला असतो, आणि 'रोलबॅक' म्हणजे नेमके काय करायचे ते पाठवणाऱ्यालाही पहाटे दोन वाजताच शोधावे लागते. या दोन वाक्यांमागे नेमके काय असायला हवे, ते एक उदाहरण धरून पाहू.

उदाहरण असे: एकच होस्ट, त्यावर प्रॉक्समॉक्स ८.४, आणि ते ९ वर न्यायचे आहे. ८ चा सपोर्ट ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे हे काम अनेकांच्या यादीत आहेच. होस्टवर टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी आणि डीएनएस असे चार व्हीएम आहेत. प्रॉक्समॉक्स एका वेगळ्या छोट्या एसएसडीवर आहे, तर व्हीएमच्या डिस्क झेडएफएस पूलमध्ये आहेत. सगळा डेटा मिळून ४०० जीबी.

तपासणीआधीच तारीख जाहीर करणे

प्रॉक्समॉक्स तपासणीची स्क्रिप्ट सोबतच देते. ती काही बदलत नाही, म्हणून कामाच्या दिवशीही चालवता येते.

```
pve8to9 --full
```

ही अपग्रेडच्या रात्री पहिल्यांदा चालवणे ही चूक आहे. ती ईमेल लिहिण्याआधी चालवा आणि 'FAIL' व 'WARN' असलेली प्रत्येक ओळ वाचा. एक नेहमीचा अडथळा जुन्या कंटेनरचा असतो. सिस्टमडी २३० किंवा त्याहून जुने असलेले कंटेनर ९ वर चालत नाहीत, आणि सेंटओएस ७ त्यात मोडते. हजेरीचे सॉफ्टवेअर अशा कंटेनरमध्ये असेल तर आधी ते हलवावे लागेल, आणि ते काम एका रात्रीत उरकत नाही. रूट डिस्कवर जागा किती आहे तेही आताच बघा. ५ जीबी ही किमान मर्यादा आहे, १० जीबी मोकळे असलेले बरे.

तारीख ठरवताना अकाउंट्सला विचारा. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचा असतो, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टॅलीला कोणी हात लावू देणार नाही. आपल्या उदाहरणात १४ मार्च २०२६, शनिवार धरू.

"शनिवारी रात्री २ वाजता"

हे वाचून निम्मे लोक शुक्रवार उलटून गेल्यानंतरची रात्र समजतात, निम्मे रविवारची पहाट. मध्यरात्रीनंतरची वेळ लिहिताना वार आणि तारीख दोन्ही द्या आणि 'पहाटे' हा शब्द वापरा: रविवार १५ मार्च, पहाटे ३. दुबईत किंवा लंडनमध्ये सहकारी असतील तर 'भारतीय वेळ' असेही लिहा.

फक्त अपग्रेडचा वेळ मोजणे

'एक तास' हा आकडा येतो कुठून? पॅकेजेस बदलायला लागणाऱ्या वेळातून. लोकांसाठी मात्र पहिला व्हीएम बंद झाला की सेवा गेली, आणि शेवटचा व्हीएम तपासून होईपर्यंत ती गेलेलीच असते. आपल्या होस्टचा हिशोब असा: व्हीएम बंद करायला १५ मिनिटे. मग शेवटचा बॅकअप. एक गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे ४०० जीबीला एक तास. बूट एसएसडीची क्लोनझिलाने प्रतिमा घ्यायला २० मिनिटे, अपग्रेडला ४५, रीबूटला १५ (सर्व्हरची स्वतःची मेमरी तपासणीच बराच वेळ खाते) आणि चाचणीला ३०. बेरीज तीन तास पाच मिनिटे. रात्री १० ला सुरू केले तर सगळे सुरळीत होऊनही १:०५ वाजतात.

यात एक वाट अडवणारी गोष्ट नेहमी येते. विंडोजच्या व्हीएमला बंद हो म्हटले की तो साठलेले अपडेट बसवत बसतो. ते अपडेट गुरुवारी-शुक्रवारीच बसवून रीस्टार्ट करून ठेवा, नाहीतर पहिली १५ मिनिटे कधी ४५ होतील कळणार नाही. कंटाळून व्हीएम जबरदस्तीने थांबवला तर टॅलीचा डेटा अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहू शकतो.

रोलबॅक म्हणजे स्नॅपशॉट असे समजणे

व्हीएमचा स्नॅपशॉट व्हीएमला मागे नेतो, होस्टला नाही. शिवाय तो त्याच पूलमध्ये असतो, त्यामुळे पूलच गेला तर तोही गेला. आणि प्रॉक्समॉक्स ९ वरून पॅकेजेस उलटी बसवून ८ वर परत येण्याचा मार्ग नाही. परत यायचे तर दोनच वाटा आहेत.

पहिली वाट क्लोनझिलाने घेतलेली बूट डिस्कची प्रतिमा परत टाकण्याची. व्हीएमची सगळी कॉन्फिगरेशन त्याच डिस्कवर असते, डेटा पूलमध्ये जागच्या जागी राहतो. प्रतिमा टाकायला २० मिनिटे, रीबूट १५, तपासणी ३०, म्हणजे एक तास पाच मिनिटे. दुसरी वाट पूलला इजा झाली तर: होस्ट उभा करून बॅकअपवरून सगळे व्हीएम परत आणायचे. त्यात वर आणखी किमान एक तास जातो आणि शेवटच्या बॅकअपनंतर झालेल्या नोंदी जातात. ईमेलमध्ये 'रोलबॅक' लिहिताना या दोहोंपैकी कोणती वाट, हे स्पष्ट हवे. व्हीएमच्या डिस्कही बूट डिस्कवरच असतील तर पहिली वाट २० मिनिटांत होणार नाही, कारण मग प्रतिमेत व्हीएमसुद्धा येतात. तो हिशोब वेगळा करा.

पहिली वाट एका आज्ञेने बंद होते. अपग्रेडनंतर `zpool status` नवी फीचर्स उपलब्ध असल्याचे सांगते आणि हात आपोआप `zpool upgrade` कडे जातो. ९ सोबत झेडएफएस २.३ येते, ८.४ मध्ये २.२ आहे. पूलवर नवी फीचर्स सुरू केली की जुना होस्ट तो पूल लिहिण्यासाठी उघडू शकेलच असे नाही. किमान आठवडाभर ही आज्ञा चालवू नका, आणि तोवर प्रतिमाही पुसू नका.

निर्णयाची वेळ न लिहिणे

"अडचण आल्यास" हे मोजता येत नाही. अडचण सुटेलच असे वाटत राहते आणि सोमवारची सकाळ होते. म्हणून उलटे मोजा. सेवा पहाटे ३ ला परत हवी आणि पहिल्या वाटेला ६५ मिनिटे लागतात, तर निर्णय १:५५ च्या आत व्हायलाच हवा. थोडी मोकळीक ठेवून १:३० धरा. निकषही आधीच ठरवा: १:३० पर्यंत होस्ट नेटवर्कवर नसेल, किंवा टॅलीतली कंपनी उघडत नसेल, तर माघार. निर्णय कोण घेणार त्याचे नाव ईमेलमध्ये द्या.

निर्णयापूर्वी वापरकर्त्यांना आत येऊ देऊ नका. रीबूटनंतर व्हीएम आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून अपग्रेडपूर्वी प्रत्येकाचे `onboot` बंद करा.

```
qm set 101 --onboot 0
```

चाचणी संपली की परत `1` करायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की होस्ट चालू, व्हीएम बंद, असे चित्र दिसेल.

होस्ट उठतो, पण पिंग होत नाही

हा या अपग्रेडमधला सगळ्यात नेहमीचा घोटाळा. नव्या कर्नलमुळे नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते, म्हणजे `enp3s0` चे `enp3s0np0` होते. ब्रिज मात्र जुनेच नाव शोधत राहतो. होस्ट व्यवस्थित चालू असतो, फक्त त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि घाईत लोक ते अपग्रेड फसले असे समजून रोलबॅक सुरू करतात. आधी कन्सोलवर हे बघा:

```
ip -br link
```

कार्डाचे नाव वेगळे दिसले तर `/etc/network/interfaces` मध्ये `bridge-ports` समोर नवे नाव लिहा आणि `ifreload -a` चालवा. पाच मिनिटांचे काम आहे. ओळख पटावी म्हणून अपग्रेडपूर्वीच हीच आज्ञा चालवून मॅक पत्ते कागदावर उतरवून ठेवा.

कन्सोलवर पोचणार कसे, हा त्यातलाच प्रश्न. व्हीपीएन त्याच होस्टवरच्या व्हीएममध्ये असेल तर घरून काम करताना तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडता. आयपीएमआय किंवा आयड्रॅक आधी उघडून बघा, नाहीतर ऑफिसातच बसा. अपग्रेड वेब कन्सोलमधूनही चालवू नका, ते मध्येच तुटते. एसएसएचवर `tmux` उघडून त्यात चालवा.

लोकांना होस्टचे नाव सांगणे

"pve1 अपग्रेड" वाचून अकाउंट्सला काहीच कळत नाही. काय बंद पडणार ते सांगा, न दिसणारे परिणामही धरून. डीएनएस या होस्टवर आहे, म्हणजे इंटरनेट 'गेल्यासारखे' दिसणार. हजेरीची बहुतेक मशीन पंच स्वतःकडे साठवून ठेवतात, तरी तुमचे तसे करते का ते पाहून मगच ईमेलमध्ये लिहा. रोलबॅकच्या पायऱ्या फाइल सर्व्हरवरच ठेवल्या असतील तर त्यांची छापील प्रत काढा.

हे सगळे धरून ईमेल असा होतो:

> विषय: टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी बंद: शनि. १४ मार्च रात्री १० ते रवि. १५ मार्च पहाटे ३
>
> नमस्कार,
>
> या वेळेत (भारतीय वेळ) आपल्या मुख्य सर्व्हरचे अपग्रेड आहे. टॅली, सामायिक फोल्डर आणि हजेरीचा अहवाल बंद राहतील. ऑफिसातले इंटरनेटही चालणार नाही. हजेरीचे मशीन पंच घेत राहील, नोंदी नंतर दिसतील.
>
> आपण करायचे: शनिवारी रात्री ९:४५ पर्यंत टॅलीतून बाहेर पडा आणि सामायिक फोल्डरमधल्या फाइल सेव्ह करून बंद करा. 'सेवा सुरू' असा संदेश येईपर्यंत काम सुरू करू नका. तोवर केलेल्या नोंदी टिकतीलच असे नाही.
>
> काम फसले तर: १:३० पर्यंत टॅली उघडली नाही तर आयटी प्रमुख जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा निर्णय घेतील. तरीही सेवा ३ पर्यंत सुरू होईल. डेटा बॅकअपवरून आणावा लागला तर पहाटे ५ वाजतील. बॅकअप शनिवारी रात्री सेवा बंद केल्यावर घेतलेला असेल, त्यामुळे त्याआधीचे काम सुरक्षित राहील.
>
> या रात्री टॅली लागणारच असेल तर बुधवार ११ मार्चपर्यंत कळवा.

हा ईमेल किमान आठवडाभर आधी जावा, आणि शनिवारी दुपारी फक्त विषय व 'आपण करायचे' एवढेच पुन्हा पाठवा. 'सेवा सुरू'चा संदेश मात्र ईमेलवर अवलंबून ठेवू नका. रविवारी पहाटे तो कोणी उघडत नाही, त्यामुळे ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाका, आणि रोलबॅक झाला असेल तर तेही त्यातच लिहा.