टाकाची पाटी लिहिताना या चुका टाळा

संग्रहालयात चांदीचा एक टाक, म्हणजे देव्हाऱ्यात पूजायची देवाची छोटी प्रतिमा, मांडायचा होता. तळहातात मावेल एवढा. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. पाटी मी लिहिली: ‘खंडोबा. रजतपत्रावरील उत्थित अंकन. कुलदैवत-उपासनेचे प्रतीक. पूर्वी घरोघरी पूजले जाई.’ पहिल्याच दुपारी एक आजी काचेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पूर्वी म्हणजे? आमचे टाक मी सकाळीच धुऊन आले.”

वस्तू जुनी म्हणून रीत जुनी ठरवणं, ही पहिली चूक. जिच्या घरात देव्हारा आहे तिला ती चूक बोचतेच. काचेतल्या वस्तूबद्दल भूतकाळ, चालू रीतीबद्दल वर्तमानकाळ, एवढं पाळलं तरी पुरे.

दुसरी चूक शब्दांची. ‘उत्थित अंकन’ कोणी बोलत नाही. ठशावर पातळ पत्रा ठेवून, ठोकून चित्र उठवलं, असं सरळ लिहावं. पण सोपं करताना घरातले शब्द उडवू नका. ‘टाक’ काढून ‘धातूची प्रतिमा’ लिहिलं तर ज्यांना शब्द माहीत आहे तेही वस्तू ओळखत नाहीत. शब्द ठेवा आणि लगेच अर्थ सांगा, कारण काहींना टाक म्हणजे बोरूसारखी लेखणीच आठवते.

माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. या खंडोबाला नाक नाही. घोड्याचं तोंडही सपाट. लोक बघत आणि ‘कारागिरी ओबडधोबड आहे’ म्हणून पुढे जात. पाटीत त्याचा उल्लेखच नव्हता. रोज ताम्हणात धुणं, पुसणं, हळद लावणं, यात उंचवटे झिजतात. मात्र झीज आहे असं लिहिण्याआधी खात्री करा. उंच भाग गुळगुळीत आणि खाचा स्पष्ट, तर झीज. खाचाही उथळ असतील तर मुळात ठसाच बोथट असण्याची शक्यता जास्त. आमच्या टाकात लगामाची रेघ अजून बोटाला लागते.

काळाबद्दल हात आखडता घ्या. एकच ठसा सोनाराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो, त्यामुळे नुसत्या घडणीवरून ‘शिवकालीन’ लिहिणं धाडसाचं आहे. मोह होतो, हे खरं.

नवी पाटी अशी झाली:

‘खंडोबाचा टाक. घरच्या देव्हाऱ्यात पूजेला ठेवतात ती ही देवाची छोटी प्रतिमा. ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठोकून ती उठवली आहे. देवाचं नाक पाहा. रोज धुऊन, पुसून, हळद लावून ते झिजलं. घोड्याचा लगाम मात्र अजून दिसतो. असे टाक आजही अनेक घरांत पूजले जातात.’

आता काचेवर बोटांचे डाग बरोबर नाकासमोर पडतात. रोज संध्याकाळी पुसावे लागतात.