९८ × ९७ चा व्हिडिओ: उत्तर ९५६ यायचं, ते कसं सुधारलं

शंभरच्या जवळच्या आकड्यांच्या गुणाकाराचा ४० सेकंदांचा व्हिडिओ बनवला, आणि भाचीला दाखवला तर तिने वहीत ९५६ लिहिलं. चूक तिची नव्हती, माझ्या स्क्रिप्टची होती. मी "दोन त्रिक सहा" म्हणायचो आणि स्क्रीनवर नुसता ६ यायचा.

आता असं केलंय: ३ऱ्या सेकंदाला ९८ आणि ९७ एकाखाली एक, ७व्याला शेजारी २ आणि ३, म्हणजे शंभरला किती कमी ते. १२व्याला तिरका बाण, ९८ मधून ३ गेले, ९५. आणि मग १७व्याला, काही बोलायच्या आधीच, ९५ च्या पुढे दोन रिकामे चौकोन येतात, २०व्याला त्यात ०६ बसतं. ९५०६. चौकोन आधी दिसले की शून्य विसरत नाही कोणी.

अजून एक, "अठ्ठ्याण्णव" बोलायलाच सेकंदभर जातो, म्हणून आकडा शब्दाच्या आधी आणायचा, नाहीतर मुलं नुसती वाट बघत बसतात.

८८ × ९१ ला मात्र १२ नव्वे १०८ येतात, चौकोनात ०८ ठेवून हातचा १ डावीकडच्या ७९ मध्ये मिळवायचा, ८००८. त्याचा वेगळा व्हिडिओ करतोय, यात कोंबला नाही.