पन्नाशीचे पत्र, उपदेशाविना

पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःच्या तरुणपणाला लिहिलेले पत्र बहुधा दुसऱ्याच परिच्छेदात उपदेश करू लागते. मसुदा झाल्यावर ‘कर’, ‘नको’, ‘शीक’, ‘पाहिजे’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या वाक्याच्या जागी, त्या वयात ठाऊक नसलेली एखादी बातमी लिहावी. ‘पैसे जपून खर्च कर’ हे खोडून ‘पहिल्या पगारातून दादरला आईसाठी घेतलेली साडी ती अजून लग्नकार्यात नेसते’ असे लिहिले, तर बाविशीतल्या मुलीला पुढे वाचावेसे वाटेल. एखादी आज्ञा, उदाहरणार्थ ‘शेवटची लोकल चुकवू नकोस’, राहिली तरी चालेल. मात्र ‘तेव्हा का ऐकले नाहीस?’ यासारखे प्रश्न रेघेतून निसटतात. तोही उपदेशच असल्याने ते वेगळे शोधून काढावेत.