चॅनेलचा बॅनर तपासताना: फोन, संगणक आणि टीव्ही यांच्या कात्रीतून वाचणारी जागा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या पट्ट्यात यूट्यूब चॅनेलचा बॅनर बहुधा फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीच्या दुकानातच तयार होतो. मी स्वतः अशाच दुकानात हे काम शिकले. तिथल्या मालकांनी मला अक्षराची जाण दिली, हे ऋण मी मानते. पण ‘चारही कोपरे भरलेले दिसले पाहिजेत’ हा त्यांचा फ्लेक्सचा नियम बॅनरच्या कामात पूर्णपणे उलटा पडतो, आणि तो डोक्यातून काढण्यास मला बराच काळ लागला. आता माझ्याकडे इतरांनी केलेले बॅनर तपासण्यासाठी येतात. या कामात नव्याने उतरणाऱ्यांनी नेमके काय पाहावे, एवढ्यापुरतेच मी येथे लिहिते.

मूळ माप आपणास ठाऊक असेलच. यूट्यूब 2560 गुणिले 1440 पिक्सेलचे चित्र सुचवते, किमान 2048 गुणिले 1152 मागते आणि फाइल 6 एमबीच्या आत ठेवण्यास सांगते. टीव्हीसाठी हे चित्र संपूर्ण धरले जाते. संगणकावर त्याच चित्राच्या मधली, पूर्ण रुंदीची परंतु केवळ 423 पिक्सेल उंचीची पट्टी दिसते. फोनवर त्या पट्टीच्याही दोन्ही बाजू कापल्या जातात आणि सुमारे 1546 गुणिले 423 एवढा मधला तुकडा उरतो. यालाच सुरक्षित जागा म्हणतात. 2560 च्या चित्रात तिच्या चारही बाजूंना साधारण 508 पिक्सेल सोडावे लागतात, त्यामुळे मार्गदर्शक रेषा ओढताना 508 हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरते.

आता ज्या सापळ्यात बहुतेक जण अडकतात, त्याविषयी मी जरा लांबण लावून लिहिणार आहे, कारण तो एका वाचनात समजल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्ष फाइल समोर आली की निसटतो.

सुरक्षित जागा हे पिक्सेलचे स्थिर माप नसून चित्राशी असलेले प्रमाण आहे. रुंदीच्या सुमारे 60 टक्के आणि उंचीच्या सुमारे 29 टक्के, असे ते प्रमाण आहे. चित्र 2560 चे असेल तर ही जागा 1546 गुणिले 423 भरते. चित्र 2048 चे असेल तर तीच जागा 1235 गुणिले 338 एवढीच उरते. मापांच्या या दोन्ही जोड्या सगळीकडे फिरत असतात आणि त्यांची सरमिसळ होते. ‘सुरक्षित जागा 1546’ असे कोणीतरी सांगितलेले असते, कोरा कागद मात्र 2048 चा उघडलेला असतो, आणि त्यावर 1546 ची चौकट मोठ्या विश्वासाने आखली जाते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रताळी, भात आणि भाजीपाला यांच्या शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या बेळगाव तालुक्यातील एका चॅनेलचा बॅनर माझ्याकडे आला. वर मराठीत नाव, खाली तेच नाव कन्नडमध्ये, मागे लाल मातीच्या शिवाराचे छायाचित्र, अशी मांडणी होती आणि ती दिसायला उत्तम होती. फाइल 2048 गुणिले 1152 ची होती. मराठी नावाची ओळ 1480 पिक्सेल रुंद होती, म्हणजे ती डावीकडून 284 व्या पिक्सेलला सुरू होऊन 1764 व्या पिक्सेलला संपत होती. करणाऱ्याच्या 1546 च्या चौकटीत ती व्यवस्थित बसत होती. परंतु या आकाराच्या चित्रात फोन साधारण 407 ते 1642 एवढाच भाग दाखवतो. म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वाशेच्या आसपास पिक्सेल कापले जाणार होते, आणि त्यात नावाचे पहिले अक्षर पूर्ण आणि शेवटचे जवळजवळ पूर्ण जात होते. उंचीतही तोच प्रकार होता. चौकटीची 423 उंची आणि खरी 338 उंची यांतील फरकामुळे वर आणि खाली सुमारे 42 पिक्सेलची पट्टी बाहेर राहत होती. वरच्या पट्टीत मराठी नावातील रफार आणि वेलांटीचा माथा होता, तर खालच्या पट्टीत कन्नड ओळीतील जोडाक्षरांचे खाली लोंबणारे भाग होते.

येथे तपासणाऱ्यासाठी एक उपयुक्त खूण मिळते. संगणकावर ओळ शाबूत दिसते आणि फोनवर केवळ बाजू कापल्या जातात, असे असेल तर मजकूर रुंदीत पसरला आहे. परंतु संगणकावरच मात्रा आणि उकार छाटलेले दिसत असतील आणि फोनवर त्याशिवाय बाजूही जात असतील, तर मापांची सरमिसळ झाली असण्याचा दाट संभव असतो. तेव्हा सर्वांत आधी फाइलचे पिक्सेल पाहावेत. एकच ओळ असलेल्या बॅनरमध्ये उंचीचा दोष झाकला जातो, म्हणून ही खूण नेहमी मिळेलच असे नाही. दोन लिप्यांच्या बॅनरमध्ये मात्र ती सहसा मिळते. आपल्याकडे दोन लिप्या लिहाव्याच लागतात, त्याचा हा एक अनपेक्षित फायदाच म्हणावा लागेल.

याहून वाईट भाग पुढे आहे. दोष कळल्यावर करणारा ते चित्र 2048 वरून 2560 वर मोठे करतो, आता माप बरोबर झाले असे समजतो आणि पुन्हा पाठवतो. कृपया हे करू नका. चित्र मोठे केले की अक्षरेही त्याच प्रमाणात मोठी होतात. 1480 ची ओळ 1850 ची होते आणि जेवढा भाग आधी कापला जात होता तेवढाच आताही कापला जातो. मोठा करायचा असतो तो कागद, त्यावरील मजकूर नव्हे. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Image Size` नव्हे तर `Canvas Size` वापरावे आणि मधला बिंदू धरून 2560 गुणिले 1440 द्यावे. असे केल्यास 1480 ची ओळ आहे तशीच राहते आणि 1546 च्या आत बसते. डावी-उजवीकडे 256 आणि वर-खाली 144 पिक्सेलची रिकामी जागा तयार होते, ती मूळ छायाचित्र पुन्हा मोठे बसवून भरावी लागते. वरील उदाहरणात मूळ छायाचित्र चांगल्या कॅमेऱ्याचे होते, त्यामुळे काम थोडक्यात झाले. व्हॉट्सॲपवरून आलेले, आधीच आकुंचन पावलेले चित्र असते तर टीव्हीवर ती माती चिखलासारखी दिसली असती, म्हणून मूळ फाइल मागून घेण्यात संकोच करू नये.

एवढे वाचून घाबरण्याचे कारण नाही. गणित एकदाच करायचे असते आणि तपासणीला महागडे साधन लागत नाही. चित्र उघडावे, पिक्सेल पाहावेत आणि 2560 च्या चित्राच्या दोन प्रती कापून घ्याव्यात: एक मधली 2560 गुणिले 423 ची आणि दुसरी मधली 1546 गुणिले 423 ची. मूळ चित्र ही तिसरी प्रत, टीव्हीची. या तिन्ही प्रती स्वतंत्रपणे पाहाव्यात. रेषा आखलेल्या एकाच चित्राकडे पाहत राहिल्यास डोळा रेषेबाहेरचेही वाचत राहतो आणि काय हरवले ते कळत नाही. कापलेल्या तुकड्यात मात्र हरवलेले अक्षर लगेच खटकते.

फोनची प्रत फोनवरच पाहावी, कारण तेथे आणखी एक गोष्ट उघड होते. फोनच्या पडद्याची रुंदी साडेसहा सेंटिमीटर धरली तर 1546 पिक्सेल तेवढ्यात मावतात. म्हणजे 60 पिक्सेल उंचीचे अक्षर जेमतेम अडीच मिलिमीटरचे होते, आणि त्यातच मात्रा आणि उकारही सामावलेले असतात. ‘सेंद्रिय’सारखा शब्द त्या मापात ठिपक्यांचा पुंजका होतो. मुख्य नावासाठी मी 110 पिक्सेलपेक्षा कमी उंची मान्य करत नाही. हा माझा स्वतःचा आग्रह आहे, यूट्यूबचा नियम नव्हे. मराठी नाव, कन्नड नाव, उपशीर्षक, फोन नंबर आणि गावाचा पत्ता हे सर्व त्या 423 च्या पट्टीत हवे असा ग्राहकाचा हट्ट असेल, तर दोन्ही लिप्यांतील नाव ठेवून बाकीचे चॅनेलच्या माहितीच्या रकान्यात टाकावे, असे स्पष्ट सांगावे.

मजकुराची उंची मोजताना मजकुराच्या चौकटीवर विश्वास ठेवू नये. श्री-लिपी किंवा नुडीसारखे फॉन्ट वापरून कोरलड्रॉमध्ये केलेल्या कामात चौकट एक सांगते आणि अक्षराची शाई दुसरीकडेच पोहोचलेली असते. त्या फाइलची एक प्रत करून त्यातील मजकूर `Ctrl+Q` ने वक्ररेषांत बदलावा. मग दिसणारी उंची ही खरी असते. बॅनरच्या कडा फोनवर आणि संगणकावर गोलाकार दिसतात, म्हणून पट्टीच्या कोपऱ्याला चिकटवलेला लोगोही थोडा आत ओढून घ्यावा.

तयार मांडण्या उतरवून घेण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्या सर्वच चुकीच्या असतात असे नाही, परंतु कोणत्या मापाच्या चित्रासाठी त्या केल्या आहेत हे क्वचितच लिहिलेले असते, आणि वर सांगितलेला घोळ बहुतेक वेळा तेथूनच येतो. 508 च्या चार रेषा ओढण्यास एक मिनिटही लागत नाही.

शेवटची तपासणी यूट्यूब स्टुडिओत, `Customization` मध्ये चित्र चढवताना होते. तेथे टीव्ही, संगणक आणि सर्व उपकरणे यांच्या चौकटी चित्रावर दाखवल्या जातात. त्या चौकटीचा कोपरा उत्साहाने ओढू नये. ती लहान केली की यूट्यूब तेवढाच भाग पूर्ण चित्र म्हणून धरते, सर्व प्रमाण बदलते आणि बरोबर केलेला बॅनरही फोनवर कापला जातो. चौकट पूर्ण चित्रावर पसरलेली नसेल तर आपले चित्र 16:9 प्रमाणात नाही असे समजावे आणि मागे फिरून ते दुरुस्त करावे.

टीव्हीसाठी वर-खाली उरणाऱ्या 508 पिक्सेलच्या पट्ट्यांत काय ठेवावे, असा प्रश्न नेहमी येतो. तेथे छायाचित्राचा शांत भाग असावा: आकाश, माती, पिकाची रांग. मजकूर अजिबात नसावा, कारण तो केवळ टीव्हीवर दिसतो आणि संगणकावर त्याचे अर्धे अक्षर पट्टीच्या कडेला डोकावू शकते. माणसाचा चेहरा मधल्या पट्टीत घ्यावा किंवा पूर्णपणे तिच्याबाहेर ठेवावा. गळ्यापासून खाली दिसणारा शेतकरी मी संगणकावर अनेकदा पाहिला आहे, आणि करणाऱ्याने तो केवळ पूर्ण चित्रातच पाहिलेला असतो.

दोष आढळल्यावर फाइल परत पाठवताना ‘नाव कापले जात आहे’ एवढेच लिहू नये, कारण समोरचा अक्षर लहान करतो आणि चुकीची चौकट तशीच ठेवतो. ‘चित्र 2048 चे आहे, चौकट 2560 च्या मापाची आहे, मजकुरास हात न लावता कागद 2560 गुणिले 1440 करा’ असे लिहावे आणि सोबत कापलेली फोनची प्रत जोडावी.