सिंगली रीइन्फोर्स्ड बीम: या चुका टाळा, निदान d तरी खरा धरा

नवीन पोरं बीम डिझाइनची शीट दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी एकच सेल बघतो: d. दहातल्या आठ वेळा तिथे D − 25 असतं. आयएस ४५६ मधलं कव्हर सगळ्यात बाहेरच्या सळईपर्यंत, म्हणजे बीममध्ये रिंगेपर्यंत मोजायचं. त्यात रिंगेची जाडी आणि मेन सळईचा अर्धा व्यास मिळवला की मग सळईचा मध्य येतो. ८ ची रिंग आणि २० ची सळई असेल तर २५ चे ४३ होतात. १८ मिलिमीटरने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी धायरीच्या साइटवरची गोष्ट सांगतो.

बीम २३० बाय ४५०, एम२५ काँक्रीट, एफई५०० स्टील, पाच मीटरचा साधा टेकलेला स्पॅन. स्वतःच्या वजनासकट लोड २७ kN/m. फॅक्टर्ड मोमेंट १२६.६ kNm. आमच्या ज्युनिअरने d = ४२५ धरला आणि लिमिटिंग मोमेंट काढला:

```
Mu,lim = 0.133 fck b d²
       = 0.133 × 25 × 230 × 425²
       = 138.1 kNm
```

मोमेंटपेक्षा जास्त आलं, म्हणजे सिंगली चालेल. स्टील आलं ८२४ चौ.मिमी. गड्याने १६ च्या पाच सळ्या दिल्या, १००५ चौ.मिमी, वर "सर, थोडं जास्तच दिलंय" असं कौतुकाने सांगितलंही. मीही घाईत होतो, सही केली.

दोन दिवसांनी फिटरचा फोन. "साहेब, पाच सळ्या एका लाइनीत बसत नाहीत. दोन वर घेऊ का?" त्याचं बरोबर होतं. २३० मधून दोन्हीकडचं कव्हर आणि रिंगा वजा केल्या की आत उरतात १६४. पाच सळ्यांचे ८० आणि मधल्या चार फटींचे प्रत्येकी २५ (वीसची खडी, अधिक ५) मिळून होतात १८०.

"घ्या वर" म्हणायला दोन सेकंद लागतात, आणि बहुतेक जण तेच म्हणतात. पण खाली तीन, वर दोन घेऊन मध्ये २५ चा स्पेसर टाकला, की खालच्या थराचा मध्य तळापासून ४१ वर आणि वरच्याचा ८२ वर. पाचांचा मिळून मध्य ५७ वर, म्हणजे d उरला ३९३. पुन्हा गणित: लिमिटिंग मोमेंट ११८ kNm. लागणारा १२६.६. सिंगली बीम म्हणून हा सेक्शनच पुरत नाही.

इथे ज्युनिअरचा प्रश्न होता, "पण सर, स्टील तर गरजेपेक्षा जास्त आहे ना?" हीच दुसरी चूक, आणि ही समज काही केल्या जात नाही. १००५ स्टीलने ओढलं तर न्यूट्रल अॅक्सिस २११ मिमीवर जातो. एफई५०० साठी मर्यादा 0.46d, म्हणजे १८१. अॅक्सिस त्याखाली गेला की काँक्रीट आधी चुरतं आणि स्टील तोवर यील्डला पोहोचलेलंच नसतं. बीम वाकून, तडे दाखवून इशारा देत नाही. म्हणून कोड असा सेक्शन नाकारतो. मोमेंट लिमिटच्या वर गेला तर स्टील वाढवून सुटका नाही. एक तर खोली वाढवा, नाहीतर डबली करा.

आम्ही खोली वाढवली. काँक्रीट पडलं नव्हतं म्हणून शटरिंग ५० मिमी खाली घेता आलं, फिटर दिवसभर कुरकुरत होता ते वेगळं. ५०० खोलीला १६ च्या सळ्या एका थरात, d = ४५९. वाढलेल्या वजनासकट मोमेंट १२८, स्टील जेमतेम ७५०. चार सळ्यांत, ८०४ मध्ये काम झालं, आणि त्या १६४ मध्ये आरामात बसल्या. अॅक्सिस १६९, मर्यादा २११. एक सळई कमी झाली आणि बीम सुरक्षित झाला, हे ज्युनिअरला पचायला आठवडा लागला.

तेव्हापासून माझी सवय: स्टील ठरलं की हातानं सेक्शन काढायचा, सळ्या मोजून बसवायच्या, मगच d परत टाकायचा. एक्सेलवाल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. एफई४१५ चे 0.138 आणि 0.48 एफई५०० ला लावू नका. स्टीलच्या वर्गसमीकरणाचं लहान उत्तरच घ्यायचं. १.५ चा फॅक्टर एकदाच. स्लॅबवाल्याने आधीच फॅक्टर्ड लोड दिला असेल तर विचारून घ्या. किमान स्टील 0.85bd/fy तपासा, वरच्या बीममध्ये ते १८० च्या आसपास येतं. आणि kNm चे N·mm करताना दहाचा सहावा घात. पाचवा टाकून स्टील ७५ आलेली शीट मी पाहिली आहे, आणि ती आणणाऱ्याला त्यात काही खटकलं नव्हतं.