‘सर, कुठले धडे करू?’ हे विचारताना या चुका टाळा

मी कोल्हापुरात राजारामपुरीत दहावीला गणित शिकवतो. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली की माझ्या मोबाईलवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून यायला लागतो: ‘सर भूमितीचे इम्पॉर्टंट धडे सांगा ना.’ मुलं कष्टाळू असतात, प्रश्नही रास्त असतो. पण असा मेसेज आला की मला उत्तर अंदाजानं द्यावं लागतं, आणि त्या अंदाजाची किंमत मुलाला मोजावी लागते.

गेल्या वर्षी असंच झालं. शिरोळकडून येणारा एक मुलगा, वर्गात गप्प बसणारा. रात्री साडेअकराला त्याचा हाच मेसेज आला. मी दिवसभर शिकवून थकलो होतो. ‘वर्तुळ, त्रिकोणमिती, मग रचना’ एवढं लिहिलं आणि झोपलो. अकरा दिवसांनी तो वही घेऊन आला. सगळे अकरा दिवस वर्तुळात गेले होते. प्रमेयं सुवाच्य अक्षरात पाच-पाच वेळा लिहिलेली. मी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, AB आणि CD या जीवा आत E मध्ये छेदणाऱ्या, आणि म्हटलं, ‘AE × EB = CE × ED सिद्ध कर.’ पहिल्या दोन ओळी त्यानं भराभर लिहिल्या. तिसऱ्या ओळीला △AEC ~ △DEB असं लिहून तो थांबला.

‘का रे समरूप?’

‘पुस्तकात तसंच आहे सर.’

इथंच सगळं कळलं. E पाशी दोन विरुद्ध कोन समान आहेत आणि ∠CAB व ∠CDB एकाच कंसावर उभे आहेत म्हणून समान आहेत. दोन कोन जुळले, म्हणजे को-को कसोटीनं त्रिकोण समरूप; मग बाजू प्रमाणात, आणि AE × EB = CE × ED. या पायऱ्या वर्तुळाच्या धड्यातल्या वाटतात, पण त्यांचं मूळ पहिल्या धड्यात, समरूपतेत आहे. त्या मुलाची समरूपताच कच्ची होती. सहामाहीच्या आधी तो पंधरा दिवस आजारी होता, नेमका तेव्हा सरावसंच 1.3 झाला होता. हे त्यानं मेसेजमध्ये लिहिलं असतं तर मी त्याला वर्तुळाला हातच लावू दिला नसता. मीही उलट विचारायला हवं होतं. तेव्हापासून नुसत्या ‘कुठले धडे’ला मी धड्यांची नावं कळवत नाही, आधी प्रश्न पाठवतो.

तर पहिली आणि मोठी चूक ही: धडे विचारायचे, पण आपण कुठं अडतो ते सांगायचं नाही. भूमितीचे सात धडे एकमेकांना धरून आहेत. समरूपतेवर पायथागोरस उभा आहे, समरूपता आणि कोनांवर वर्तुळ, आणि वर्तुळावर भौमितिक रचना. केंद्राचा वापर न करता स्पर्शिका काढायची असेल तर तिथं स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय लागतं. बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, एवढं माहीत असावं लागतं. म्हणून ‘रचना सोप्या, आधी त्या करू’ म्हणणारी मुलं पायऱ्या पाठ करतात आणि पेपरात कंपास कुठं टेकवायचा हेच विसरतात.

दुसरी चूक मार्कांची. ‘पूर्व परीक्षेत 40 पैकी 17 पडले, काय करू?’ या 17 वरून मला काहीही कळत नाही. माझ्याकडे दोन मुली होत्या, दोघींना 17. पहिलीनं चार मार्कांचे प्रश्न कोरे सोडले होते, बाकी जवळपास बरोबर. दुसरीनं सगळं लिहिलं होतं, पण दर उदाहरणात कारण लिहायचं राहिलं होतं: ‘समान’ लिहिलं, ‘विरुद्ध कोन’ लिहिलं नाही. पहिलीला सिद्धता आणि मोठ्या गणितांचा सराव हवा होता. दुसरीला एकही नवा धडा नको होता, जुनीच उदाहरणं कारणांसकट पुन्हा लिहायची होती. म्हणून माझी सवय अशी: उत्तरपत्रिका समोर ठेवायला लावतो आणि गेलेल्या प्रत्येक मार्कापुढं तीनपैकी एक शब्द लिहायला सांगतो: ‘आलं नाही’, ‘चुकलं’ किंवा ‘वेळ गेला’. अर्ध्या तासाचं काम आहे. कुठल्या शब्दापायी किती मार्क गेले ते तीन आकडे मेसेजमध्ये आले की माझं निम्मं उत्तर तयार असतं.

मोजक्या प्रश्नांची यादी मागू नका. पेपर दोन तासांचा, 40 मार्कांचा, आणि तो कोणत्या धड्यावर जास्त बेतणार हे मलाही माहीत नसतं. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेजही पाठवू नका, शिकवताना तो ऐकता येत नाही. आणि एकच प्रश्न तीन सरांना विचारू नका. तीन क्रम हाती येतील आणि एकही पुरा होणार नाही.

या वर्षी उचगावच्या एका मुलीनं जो मेसेज केला, तो तिच्या परवानगीनं, थोडा आवरून देतो:

‘नमस्कार सर. भूमितीबद्दल विचारायचं होतं. 21 दिवस आहेत. बाकी विषय धरून भूमितीला एक दिवसाआड दीड तास देऊ शकते, म्हणजे साधारण 15 तास. पूर्व परीक्षेत 17 मार्क. गेलेल्या 23 पैकी आलं नाही 14, चुकलं 5, वेळ गेला 4. वर्तुळात आकडे दिलेली उदाहरणं येतात, सिद्धतेत कुठले दोन त्रिकोण घ्यायचे ते कळत नाही. सरावसंच 1.3 अर्धा राहिलाय. महत्त्वमापन आणि निर्देशक भूमिती येते. माझा क्रम: रचना, वर्तुळ, समरूपता. त्रिकोणमितीतली उंची व अंतराची गणितं सोडली तर चालेल का?’

वाचल्या वाचल्या उत्तर देता आलं. क्रम उलटा केला: आधी 1.3 पूर्ण, साडेतीन तास. पूर्ण धडा नको, फक्त कसोट्या. मग वर्तुळाच्या सिद्धता पाच तास, आणि दर सिद्धतेत आधी दोन त्रिकोण रंगीत पेन्सिलीनं गिरवायचे, मगच लिहायला घ्यायचं. त्यानंतर रचना तीन तास, कंपासच्या पेन्सिलीला टोक काढून, खरोखर आखून. उंची व अंतर सोडायला मी नाही म्हटलं. 30, 45, 60 अंशांची गुणोत्तरं आणि नीट आकृती, एवढ्यावर ती गणितं सुटतात. त्यांना दीड तास पुरतो. उरलेल्या दोन तासांत घड्याळ लावून एक पूर्ण पेपर. निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापनाला वेगळा वेळ नाही, त्या पेपरातच तपासल्या जातील.

तिनं क्रम स्वतः लावला होता म्हणून तो उलटा का करायचा हे एका ओळीत सांगता आलं. तो चुकीचा क्रम मेसेजमध्ये नसता तर समरूपतेचं काम तिच्या यादीत शेवटी आहे हे मला कळलंच नसतं. परवा ती वर्गात आली होती. मी फळ्यावर जीवांचं तेच उदाहरण काढलं, ‘का समरूप?’ विचारलं. तिनं खडू घेऊन ∠CAB आणि ∠CDB ला खुणा केल्या आणि BC कंसावर बोट ठेवलं.